‘उत्तम दर्जा, वाजवी दर’ खोडल्यावर होमपेजवर काय लिहायचं? सोलापूरच्या टॉवेल कारखान्याच्या उदाहरणासह सविस्तर पद्धत

टॉवेल-चादरीच्या धंद्यातली पाच-सहा होमपेज ओळीने उघडा आणि वरचं नाव बोटाने झाकून वाचा. ‘दर्जाशी तडजोड नाही’, ‘ग्राहकांचं समाधान हेच आमचं ध्येय’, ‘विश्वासाची परंपरा’. कोणतं पान कोणाचं, ते सांगता येत नाही. मग मालक वेबसाईटवाल्याला बोलावतो, पान नवं होतं, फोटो मोठे होतात, आणि मजकुरात ‘उत्तम’च्या जागी ‘सर्वोत्तम’ येतं.

गडबड होते ती क्रमात. आधी बैठकीत एक फरक ठरवला जातो, मग तो सुंदर शब्दांत लिहिला जातो आणि पुरावा शोधायची वेळ येते तेव्हा हाती काहीच लागत नाही. इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी इतरांचे दावे गोळा करायचे, मग आपल्या कामातला फरक शोधायचा, मग तो मोजायचा आणि लिहायचं सगळ्यात शेवटी.

उदाहरणासाठी एक कारखाना धरू. अक्कलकोट रोड एमआयडीसीत, सूत रंगवून विणलेले टेरी टॉवेल काढणारा. गिऱ्हाईक म्हणजे पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट इथले लॉज आणि मध्यम हॉटेलं. कारखाना कल्पित आहे आणि त्याच्या लॉटचे आकडेही उदाहरणापुरते आहेत. हिशोबाची रीत मात्र जशीच्या तशी वापरता येईल.

## तयारी: कागद आधी, पान नंतर

कॉम्प्युटर उघडण्याआधी तीन गोष्टी टेबलावर हव्यात.

पहिली, गेल्या तीन-चार महिन्यांत व्हॉट्सअ‍ॅपवर आणि फोनवर आलेल्या चौकश्या. गिऱ्हाईकाने पहिला प्रश्न काय विचारला, तो त्याच्याच शब्दांत उतरवा. ‘डझनाचं वजन किती?’ हा प्रश्न ‘उत्पादनाच्या गुणवत्तेबाबत विचारणा’ असा लिहिलात, तर पुढचं सगळं काम पोकळ होईल.

दुसरी, तक्रारी आणि परत आलेला माल. चलनाच्या मागे पेनाने लिहिलेला शेरासुद्धा चालेल.

तिसरी, हातातून गेलेल्या ऑर्डरी. माल शेवटी कोणाकडून घेतला, हे गिऱ्हाईकाला सरळ विचारा. पुष्कळदा उत्तर शेजारच्या कारखान्याचं नसतं. ‘चाटी गल्लीतल्या व्यापाऱ्याकडून उचलला’ किंवा ‘जुन्यावरच हे वर्ष काढतोय’ असं असतं. तेही तुमचे स्पर्धकच.

> तपासणी: होमपेज कोणासाठी, हे एका वाक्यात लिहून पाहा. वाक्यात ‘आणि’ दोनदा आला तर गिऱ्हाईक अजून ठरलेलं नाही. लॉजचा मॅनेजर, निर्यातदार आणि लग्नात आहेराला टॉवेल घेणारं कुटुंब यांना एकच वाक्य पटत नाही. उदाहरणात आपण लॉजचा खरेदी करणारा माणूस धरला आहे, बाकीच्यांसाठी आतली पानं आहेत.

## टप्पा १: कोणाशी तुलना करायची ते ठरवा

सहा पानं पुरतात. दहाच्या वर गेलात की तक्ता भरता भरताच उत्साह संपतो.

निवड गिऱ्हाईकाच्या नजरेने करा. ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत तो टाकेल तेच शब्द टाका: ‘hotel towel manufacturer solapur’, ‘लॉजसाठी टॉवेल होलसेल’. नेहमीच्या खिडकीत तुमच्या जुन्या शोधांचा परिणाम निकालांवर होऊ शकतो, म्हणून ही काळजी. जे निकाल दिसतील त्यांतून तीन सोलापूरचे घ्या, एक बाहेरच्या केंद्रातला (पानिपत किंवा करूर), एक मोठी गिरणी आणि एक व्यापारी किंवा इंडियामार्टवरचं दुकान.

मोठी गिरणी सोडायचा मोह होतो, कारण ‘ते कुठं नि आपण कुठं’. पण लॉजवाल्याच्या मोबाईलवर दोघंही एकाखाली एक दिसतात. शिवाय तिच्याशी तुलना केली की ‘अत्याधुनिक यंत्रसामग्री’सारखे शब्द तुमच्या पानावर किती केविलवाणे दिसतात ते लगेच कळतं.

## टप्पा २: सगळ्यांची वाक्यं एकाच तक्त्यात

गूगल शीटमध्ये प्रत्येक पानाचा पहिला पडदा, म्हणजे मोबाईलवर न सरकवता दिसणारा भाग, आणि त्याखालचे दोन भाग जसेच्या तसे उतरवा. एका ओळीत एकच वाक्य, आणि तुमचं स्वतःचं पानही याच तक्त्यात. ते वेगळं ठेवलंत तर डोळा त्याला सूट देतो.

रकाने एवढेच ठेवा: कोणाचं पान, मूळ वाक्य, कोणासाठी आहे, दावा काय, जवळ पुरावा आहे का. आणि शेवटचा, सगळ्यात कामाचा रकाना: कशाबद्दल गप्प आहेत.

हा शेवटचा रकाना तयारीतल्या कागदांवरून भरायचा असतो. गिऱ्हाईक विचारतं त्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्या पानावर आहे की नाही, एवढंच बघा. आपल्या उदाहरणात चौकश्यांत सारखे येणारे प्रश्न तीन होते: डझनाचं वजन किती, धुतल्यावर हलका पडतो का, आणि पुढच्या वेळी हाच माल मिळेल का. सहाही पानांवर ‘मऊ’, ‘टिकाऊ’, ‘भरपूर पाणी शोषणारा’ होतं. दोन पानांवर जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, लिहिलं होतं. धुतल्यानंतरच्या वजनाबद्दल एकही पान बोलत नव्हतं.

> सावधान: स्पर्धक गप्प आहे म्हणून तिथे संधी आहेच असं नाही. कदाचित गिऱ्हाईकाला त्या गोष्टीचं काही पडलेलं नसेल. शांतता आणि गिऱ्हाईकाचा प्रश्न दोन्ही एकाच ठिकाणी आले, तरच त्या ओळीला खूण करा.

प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. महिनाभराने कोणीतरी पान बदलतं आणि ‘आधी काय होतं’ यावर घरातच वाद होतो.

## टप्पा ३: आपल्या पानावरची पोकळ वाक्यं खोडा

प्रत्येक वाक्य दोन चाळण्यांतून जाऊ द्या.

नाव बदलून वाचा. तुमच्या वाक्यावर स्पर्धकाचं नाव घातलं तरी ते खरं वाटतं का? वाटत असेल तर ते वाक्य तुमचं नाही, धंद्याचं आहे. ‘१०० टक्के सुती’ इथेच पडतं. ते खरं आहे आणि गिऱ्हाईकाला हवंही आहे, पण सगळ्यांचंच तसं आहे. अशी माहिती पानावरून काढायची नाही, मथळ्यातून काढून खाली मालाच्या तपशिलात न्यायची.

उलटं करून वाचा. वाक्याचा विरुद्ध अर्थ कोणी शहाणा माणूस आपल्या पानावर लिहील का? ‘आमचा दर्जा सुमार आहे’ असं कोणी लिहीत नाही, म्हणून ‘आमचा दर्जा उत्तम आहे’ यात बातमी नाही. याउलट ‘आम्ही फक्त लॉज आणि हॉटेलसाठीच विणतो’ याचं उलट ‘आम्ही सगळ्यांसाठी विणतो’ हे लोक आनंदाने लिहितात. म्हणजे पहिल्या वाक्यात खरी निवड आहे.

या चाळण्यांत अडकणारी काही वाक्यं आपल्याकडे हट्टाने ठेवली जातात.

‘सोलापुरी टेरी टॉवेल, भौगोलिक मानांकनप्राप्त’. सोलापुरी चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल दोन्हींची भौगोलिक मानांकन म्हणून नोंद आहे, हे खरं. पण मानांकन भागाला आणि मालाच्या प्रकाराला मिळतं, एका कारखान्याला नाही. १९९९ च्या कायद्याप्रमाणे अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. ती असेल तर क्रमांकासह लिहा. पानिपतच्या मालापुढे तो फरक ठरतो, पण सोलापुरातल्याच दुसऱ्या नोंदणीकृत कारखान्यापुढे नाही. नोंदणी नसेल तर ती ओळ पानावर ठेवूच नका.

‘आयएसओ ९००१ प्रमाणित दर्जा’. ९००१ हे कामाच्या व्यवस्थेचं प्रमाणपत्र आहे. टॉवेल मऊ आहे की जड, याबद्दल ते काही सांगत नाही. ‘एनएबीएल प्रमाणित टॉवेल’ हेही चूक: एनएबीएल प्रयोगशाळांना मान्यता देते, मालाला नाही. जाणकार खरेदीदार अशा एका वाक्यावरून बाकीच्या पानाकडेही संशयाने बघतो.

‘तीन पिढ्यांचा अनुभव’. यावर घरात भांडण होणार हे धरूनच चाला. थोरल्यांना दुखवायचं नसेल तर ‘आमच्याविषयी’ पानावर ते छान शोभतं. मथळ्यात मात्र नको, कारण सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांना तेवढीच परंपरा आहे.

खोडून झाल्यावर पान जवळजवळ कोरं दिसेल. घाबरून लगेच भरायला जाऊ नका.

## टप्पा ४: फरक कारखान्यात शोधा, बैठकीत नाही

टेबलाभोवती बसून ‘आपलं वेगळं काय?’ असं विचारलं की पुन्हा विशेषणंच येतात. त्याऐवजी मालाच्या मागे चाला: सूत येतं तिथून ट्रकमध्ये चढेपर्यंत. प्रत्येक ठिकाणी दोनच प्रश्न. इथे आपण असं काही करतो का, जे वगळलं तर पैसे वाचतील? आणि ते न करणारे कोण आहेत? पैसे खर्च करूनही करत असलेली गोष्ट सहसा खऱ्या फरकाची जागा असते.

आपल्या उदाहरणात ती जागा विणाईनंतर सापडते. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला कांजी लावतात, म्हणजे ते तुटत नाही. सूत आधीच रंगवलेलं असल्यामुळे विणल्यावर टॉवेल न धुताच शिवून, घडी घालून विकता येतो. तो काट्यावर चांगला भरतो. पण त्या वजनात कांजीही असते, आणि पहिल्या काही धुण्यांत ती निघून जाते. लॉजवाल्याला वाटतं टॉवेल ‘बसला’. आपला कारखाना विणल्यावर माल धुऊन, कांजी काढून, वाळवून देतो. त्याला पाणी लागतं, वाफ लागते, दोन दिवस जास्त लागतात. मालक हे इतकी वर्षं करतोय की त्याला ते सांगण्यासारखं वाटतच नाही.

आता हा उमेदवार फरक चार प्रश्नांवर घासा.

खरा आहे का? प्रत्येक लॉट धुतला जातो का, की घाईच्या ऑर्डरी तशाच जातात? आषाढी वारीच्या आधी पंढरपूरचे फोन सुरू होतात तेव्हा काय होतं, हे फिनिशिंगच्या मुकादमाला विचारा, मालकाला नको. गिऱ्हाईकाला हवा आहे का? हो, चौकश्यांत ‘धुतल्यावर हलका पडतो का’ सारखं येतंय. इतर कोणी म्हणतं का? तक्त्याप्रमाणे नाही. सिद्ध करता येतो का? वजन काट्यावर कळतं, तेव्हा येतो.

चारही ठिकाणी होकार आला तरच पुढे जा. ‘मऊपणा’ हा दुसरा उमेदवार चौथ्या प्रश्नावर पडला. मऊपणा हाताने जाणवतो, पण गिऱ्हाईकाला स्वतः मोजता येत नाही, आणि सिलिकॉन सॉफ्टनर मारून तो कोणालाही तात्पुरता आणता येतो. वर त्याने टॉवेलचं पाणी शोषणं कमी होतं ते वेगळंच.

> सावधान: एकही उमेदवार चार प्रश्नांत टिकला नाही तर फरक लिहू नका, तयार करा. ‘प्रत्येक गाठीवर लॉट क्रमांक आणि वजनाची चिठ्ठी’ ही गोष्ट सोमवारपासून सुरू करता येते. तीन महिने ती खरंच पाळली की पानावर आणा, आधी नाही.

## टप्पा ५: दावा मोजण्याजोगा करा

पोकळ वाक्य काढून त्याजागी चुकीचा आकडा बसवला, तर आधीपेक्षा वाईट. या टप्प्याला म्हणूनच सगळ्यात जास्त वेळ द्या.

### कोणत्या मापात बोलायचं?

पहिला विचार जीएसएमचा येतो. इथे एक खोच आहे. टॉवेल धुतल्यावर आटतो. तेवढेच धागे कमी जागेत येतात, त्यामुळे नगाचं वजन घटलं तरी जीएसएम वाढलेलं दिसू शकतं. ‘धुतल्यावरही ५०० जीएसएम’ हे वाक्य त्यामुळे ऐकायला भक्कम पण आतून पोकळ आहे. लॉजवाल्याला घरच्या काट्यावर तपासता येईल असं माप म्हणजे डझनाचं वजन. बाजारात बोलतातही त्यातच.

हिशोब असा. ३० × ६० इंच म्हणजे ०.७६२ × १.५२४ मीटर, क्षेत्रफळ सुमारे १.१६ चौरस मीटर. ५०० जीएसएमला एक नग साधारण ५८० ग्रॅम आणि डझन ६.९७ किलो. हेच सूत्र उलटं चालवा: ‘५०० जीएसएम’ म्हणून विकलेला डझन ६.३ किलो भरला, तर नग ५२५ ग्रॅमचा आणि जीएसएम ४५२ च्या आसपास. तुलनेसाठी विकत आणलेल्या मालावर हा हिशोब जरूर करा. फक्त नगाची लांबी-रुंदी आधी टेपने मोजा, कारण लिहिलेल्या ३० × ६० मध्ये दोन इंच कमी निघाले तर सगळं गणित फिरतं.

### चाचणी कशी घ्यायची?

सहा वेगवेगळ्या लॉटमधून प्रत्येकी दोन डझन घ्या. नग मालकाने निवडायचे नाहीत. लॉटच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे मिसळून घ्या.

एक डझन धुवायचा, दुसरा तसाच ठेवायचा. तसाच ठेवलेला डझन कशाला? सूत हवेतली ओल धरतं. सोलापूरच्या एप्रिलमधल्या कोरड्या हवेत आणि ऑगस्टमध्ये त्याच टॉवेलचं वजन वेगळं भरतं. न धुतलेला डझन दोन्ही दिवशी त्याच काट्यावर ठेवला की हवेमुळे किती फरक पडला ते समजतं आणि धुण्यामुळे झालेली घट वेगळी काढता येते. ही पायरी गाळली जाते, आणि मग पावसाळ्यात घेतलेला सुरेख आकडा उन्हाळ्यात गिऱ्हाईकाच्या काट्यावर जुळत नाही.

दोन्ही डझन एकाच खोलीत २४ तास उघडे ठेवा आणि मोजा. मग पहिला डझन ६० अंश सेल्सिअसला, साध्या डिटर्जंटमध्ये, ब्लीच आणि सॉफ्टनर न घालता पाच वेळा धुवा. प्रत्येक वेळी पूर्ण वाळवा. पाचव्या वाळवणीनंतर पुन्हा २४ तास त्याच खोलीत ठेवून दोन्ही डझन मोजा. ड्रायरमधून काढलेला गरम टॉवेल लगेच काट्यावर टाकलात तर तो खरा आहे त्यापेक्षा हलका भरेल.

समजा, हवेचा फरक वजा केल्यावर सहा लॉटचे आकडे असे आले: ६.८१, ६.७७, ६.८४, ६.७२, ६.७९ आणि ६.७६ किलो.

### पानावर कोणता आकडा लिहायचा?

सरासरी ६.७८ येते आणि हात तीच लिहायला जातो. पण सहापैकी तीन लॉट त्याच्या खाली आहेत, म्हणजे वाक्य निम्म्या वेळा खोटं ठरेल. सगळ्यात कमी आकडा घ्या, ६.७२, आणि त्याखाली थोडी जागा सोडा. गिऱ्हाईकाचा काटा, त्याचं बोअरचं जड पाणी, त्याचा धोबी हे तुमच्या हातात नाही. इथे ६.६ किलो सुरक्षित बसतो. फक्त सहा लॉटवर यापेक्षा घट्ट आकडा धरू नये.

> तपासणी: बाहेरच्या एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल घ्यायचा असेल तर तोही चांगला. पण तो तुम्ही दिलेल्या नमुन्यापुरताच असतो. पानावर लिहिताना तारीख आणि लॉट क्रमांक लिहा. ‘आमचे सर्व टॉवेल प्रयोगशाळेत सिद्ध’ असं लिहू नका.

## टप्पा ६: पान पुन्हा लिहा

आता कुठे लेखणी हातात घ्यायची. आधीचा पहिला पडदा असा होता:

> सोलापुरी टॉवेलमधील एक विश्वासार्ह नाव
> उत्तम दर्जा, वाजवी दर आणि वेळेत डिलिव्हरी
> [अधिक जाणून घ्या]

बदललेला असा:

> लॉज आणि हॉटेलसाठी टॉवेल. पाच वेळा धुतल्यावरही डझन किमान ६.६ किलो.
> ३० × ६० इंच, १०० टक्के सुती. विणल्यावर कांजी धुऊन काढूनच माल देतो, म्हणून काट्यावरचं वजन सुताचं असतं.
> ६० अंशाला, ब्लीच न घालता धुण्यासाठी.
> [लॉटनिहाय वजनं पाहा] [नमुन्याचा टॉवेल मागवा]

यात चार गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. गिऱ्हाईक कोण, ते पहिल्या चार शब्दांत आलं. आकड्याला लगेच कारण जोडलं, कारण बिनकारणाचा आकडा फुशारकी वाटतो. अट दाव्याजवळच लिहिली, तळाशी चांदणी लावून लपवली नाही. आणि पुराव्याचं बटण दाव्याच्या खालीच आहे.

पुराव्याच्या भागात सहाही लॉटचा तक्ता द्या: लॉट क्रमांक, चाचणीची तारीख, धुण्याआधीचं आणि नंतरचं वजन. ६.७२ चा लॉटही त्यात हवा, सगळ्यात कमी आकडा स्वतःहून दाखवणाऱ्याचे बाकीचे आकडेही खरे धरले जातात. त्याखाली तीन ओळींत ‘तुम्हीच तपासा’ अशी रीत लिहा: डझन मोजा, पाच वेळा धुवा, दिवसभर उघडे ठेवून पुन्हा मोजा. कमी भरला तर काय कराल तेही लिहा, पण मालकाने आणि हिशोब बघणाऱ्याने दोघांनी मान्य केलं असेल तेवढंच.

शोधाच्या निकालात दिसणारं शीर्षकही बदलायचं राहून जातं. तिथे अजून ‘Home’ किंवा नुसतं कंपनीचं नाव असतं:

```html
<title>लॉज-हॉटेलसाठी टॉवेल, धुतल्यानंतरचं वजन लेखी | सोलापूर</title>
```

> सावधान: ‘इतरांचे टॉवेल धुतल्यावर हलके पडतात’ असं लिहू नका, नाव न घेताही. तुम्ही इतरांचे सगळे टॉवेल धुऊन पाहिलेले नाहीत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. तुलना करायची तर ती सिद्ध करता यायला हवी. ‘सोलापुरात एकमेव’ हे शब्दही याच कारणाने टाळा. तुमच्या तक्त्यात सहाच पानं होती.

## टप्पा ७: प्रसिद्ध करण्याआधी आणि नंतर

आधी टप्पा ३ च्या दोन्ही चाळण्या नव्या मजकुरावर पुन्हा चालवा. स्पर्धकाचं नाव घालून वाचल्यावर वाक्य खोटं पडायला हवं.

मग तीन-चार खरेदीदारांना मोबाईलवर फक्त पहिला पडदा पाच सेकंद दाखवा आणि फोन बाजूला घ्या. विचारायचं एवढंच: हे काय विकतात, कोणाला, आणि यांच्याकडूनच का घ्यावं? ‘कसं वाटलं?’ असं विचारलंत की ‘मस्त आहे’ एवढंच मिळेल, आपली माणसं तोंडावर वाईट बोलत नाहीत. तिघांपैकी दोघांनी तिसऱ्या प्रश्नाला ‘वजन’ किंवा ‘धुतल्यावर’ असा शब्द काढला तर पान चालतंय. ‘चांगला दर्जा असेल’ असं आलं, तर दावा नजरेत भरलेला नाही. बहुतेक वेळा मथळ्यामागचा फिरता फोटो त्याला खातो. तो फोटो काढून टाका, मजकूर बदलायची घाई करू नका.

पान सुरू झाल्यावर बटणाचा परिणाम ओळखायला व्हॉट्सअ‍ॅपच्या दुव्यात आधीच संदेश भरून ठेवता येतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=नमुन्याचा%20टॉवेल%20हवा
```

प्रत्येक बटणाला वेगळं वाक्य दिलं की चौकशी कुठून आली ते संदेशावरूनच कळतं. दोन महिन्यांनी तयारीच्या वेळी केली होती तशी यादी पुन्हा काढा. ‘धुतल्यावर हलका पडतो का?’ हा प्रश्न कमी होऊन ‘तुमच्या यादीतला अमुक लॉट अजून आहे का?’ असं विचारलं जाऊ लागलं, तर दावा पोचला. चौकश्या तितक्याच राहून भाव करणं थोडं कमी झालं, तरी तो परिणामच. चौकश्या घटल्या तर आधी बघा की कोणत्या घटल्या. सगळ्यात स्वस्त टॉवेल शोधणारे गेले असतील, तर ते अपेक्षितच होतं.

कोणीतरी वाक्य उचलणार. वाक्य उचलता येतं, पण मागची तारीखवार लॉटची यादी उचलता येत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी दोन नव्या लॉटची चाचणी यादीत घाला. एखादा लॉट ६.६ च्या खाली आला तर त्याच दिवशी पानावरचा आकडा खाली आणा आणि तो लॉट का उतरला ते शोधा: सुताचा नंबर बदलला का, पाईलची उंची कमी झाली का, की धुणं घाईत उरकलं.

आणि जुनं वाक्य आणखी कुठे कुठे बसलंय ते बघून घ्या: गूगलवरच्या व्यवसायाच्या नोंदीत, इंडियामार्टच्या पानावर, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या माहितीत, कोटेशनच्या माथ्यावर, पीडीएफ कॅटलॉगच्या पहिल्या पानावर. लॉजवाला होमपेज बघून फोन करतो आणि हातात येतं ते कोटेशन. तिथे ‘उत्तम दर्जा, वाजवी दर’ राहिलं असेल तर डझनाच्या वजनाचा रकाना त्यातही घाला, आणि माल पाठवताना चलनावर लॉट क्रमांक लिहायला डिस्पॅचवाल्याला सांगून ठेवा.